नाकाच्या पडद्याला एकाच बाजूने काडी का लावली

"बाबांचा घोळणा फुटला म्हणून घेऊन गेलो. लगेच काही करायचं सोडून अर्धा तास नुसतं नाक दाबून बसवलं. रक्त दोन्ही नाकपुड्यांतून येत होतं, तरी काडी फक्त डाव्या बाजूला लावली. पॅक घातलाच नाही. दुसरी बाजू महिना-दीड महिन्याने बघू म्हणाले, म्हणजे एकाच कामाचे दोनदा पैसे! चौथ्या दिवशी रुमालाला परत रक्त लागलं. एक स्टार."

नमस्कार. वडिलांच्या केसपेपरमधलं काहीही मी इथे लिहिणार नाही. तुम्ही जे लिहिलंय, तेवढ्याबद्दलच बोलतो. घरातल्या वयस्कर माणसाच्या नाकातून रक्त येताना बघणं किती घाबरवणारं असतं हे मी रोज बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दोन नाकपुड्यांच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढे आणि खाली, बोटाचं टोक सहज पोहोचेल अशी एक जागा आहे. तिला आम्ही लिटल्स एरिया म्हणतो. घोळणा फुटतो तो बहुतेक वेळा इथेच. चार बाजूंनी येणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या या ठिकाणी एकमेकींना मिळतात: एक वरून, डोळ्याच्या खोबणीकडून, एक नाकाच्या मागच्या भागातून, एक टाळूतून, पुढच्या दातांमागच्या छिद्रातून वर येणारी, आणि एक वरच्या ओठातून. पहिली मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीची शाखा, बाकीच्या तिन्ही चेहऱ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीच्या. त्यामुळे एक वाट बंद झाली तरी उरलेल्या तीन वाटांनी रक्त येतच राहतं. वर अस्तर अतिशय पातळ, त्यात कोरडी हवा आणि नाकात बोट घालायची सवय. एवढं पुरतं.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल. काडीच्या टोकाला सिल्व्हर नायट्रेट असतं. ते ओलाव्यात विरघळतं आणि जिथे टेकेल तिथलं अस्तर रसायनाने भाजून वाहिनीचं तोंड बंद करतं. रक्त वाहत असेल तर ते रसायन रक्ताबरोबर वाहून जातं, जखमेवर बसतच नाही, आणि खाली ओघळलं तर नको तिथे भाजतं, वरच्या ओठावर काळा डागही पडतो. म्हणून आधी रक्त थांबवावं लागतं. नाकाचा मऊ भाग, हाडाच्या खालचा, सलग १० ते १५ मिनिटं दाबून धरायचा, मान पुढे झुकवून, तोंडाने श्वास घेत. (पुष्कळ लोक वरचं हाड दाबतात, त्याचा काही उपयोग नाही.) मग रक्तवाहिन्या आकुंचन पावण्याचं आणि बधिर करणारं औषध लावलेला कापूस नाकात ठेवून आणखी साधारण १० मिनिटं थांबायचं. हे झालं की गुठळ्या निघतात, पडदा पांढुरका पडतो आणि रक्त नेमकं कुठून येत होतं तो लाल ठिपका उघडा दिसतो. दाबून बसणं हा उपचाराचाच पहिला भाग आहे. कित्येकांचं रक्त तेवढ्यानेच थांबतं.

ठिपका दिसला की काडी थेट त्याच्यावर टेकवत नाही. आधी त्याच्याभोवती, कडेने आत येत, एकेका जागी काही सेकंद. चारही बाजूंच्या वाहिन्या अशा आधी बंद केल्या की मधल्या ठिपक्याला हात लावताना रक्त उसळत नाही. जागा राखाडी-पांढरी झाली की थांबायचं आणि उरलेलं रसायन टिपून घ्यायचं.

आणि हे एकाच बाजूला का, हा तुमचा खरा प्रश्न. पडद्याच्या आत कूर्चा असते, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिला दोन्ही बाजूंना चिकटलेल्या आवरणातूनच पोषण मिळतं. डावीकडचं अस्तर भाजलं तर ती उजव्या बाजूच्या जोरावर तगते. समोरासमोरच्या दोन्ही जागा एकाच दिवशी भाजल्या तर मधल्या कूर्चेला कुठूनच रक्त मिळत नाही. ती मरते आणि पडद्याला आरपार भोक पडू शकतं. ते आपोआप भरून येत नाही. त्याच्या कडांना खपल्या धरतात, भोक लहान असेल तर श्वास घेताना शिटीसारखा आवाज येतो, आणि त्या कडांतून पुन्हा पुन्हा रक्त येतं. म्हणजे ज्या त्रासासाठी आलात तोच कायमचा मागे लागतो. म्हणून दोन बाजूंमध्ये साधारण ४ ते ६ आठवडे जाऊ देतो. कोणी कितीही आग्रह धरला तरी ही गोष्ट माझ्या क्लिनिकमध्ये बदलणार नाही.

शिवाय दोन्ही नाकपुड्यांतून रक्त दिसलं म्हणजे दोन्ही बाजूंना जखम असतेच असं नाही. एका बाजूचं रक्त मागे जाऊन पडद्याला वळसा घालून दुसऱ्या नाकपुडीतून पुढे येतं, विशेषतः मान मागे टाकली असेल तर. म्हणून आम्ही सुरुवात कोणत्या बाजूने झाली ते विचारतो आणि दोन्हीकडे आत बघतो.

पॅकचं म्हणाल, तर ठिपका दिसतोय आणि रक्त थांबलंय अशा नाकात तो घालणं मला पटत नाही. नेहमीचा पॅक म्हणजे दाबून वाळवलेला स्पंज. ओला झाला की फुगतो आणि आतून दाब देतो. तो घालताना दुखतं, एक ते तीन दिवस त्या बाजूने श्वास घेता येत नाही, आणि काढताना अस्तर खरवडून नवीनच रक्त येऊ शकतं. पण पॅकच हवा अशीही वेळ येते. समजा, हृदयाच्या झडपेसाठी रक्त पातळ करणारी गोळी घेणारा माणूस आला. १५ मिनिटं दाबलं, औषधाचा कापूस ठेवला, तरी पडदाभर झिरपतंय, एक असा ठिपका कुठेच नाही. इथे काडी लावत गेलो तर प्रत्येक भाजलेल्या जागेची कड पुन्हा झिरपू लागेल. अशा वेळी मी आपोआप विरघळणारा पॅक घालतो, कारण तो ओढून काढावा लागत नाही. गोळी मात्र परस्पर बंद करायला सांगत नाही. ते त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून ठरतं. आणि पुढे नीट पॅक घालूनही घशात रक्त उतरत राहिलं, तर ते मागच्या भागातून येत असण्याची शक्यता असते. ते काम क्लिनिकचं नाही, हॉस्पिटलचं आहे.

चौथ्या दिवशी रुमालाला लागलेलं रक्त बहुधा खपलीचं असावं. ती सुटायला आठवडा-दहा दिवस लागतात, तोवर शिंकरल्यावर थोडा लाल डाग लागू शकतो. नाक जोरात शिंकरू नका, खपली उचकटू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, दिलेलं मलम दिवसातून दोनदा लावत राहा. धार लागली तर वर सांगितल्याप्रमाणे १५ मिनिटं दाबा. तरीही थांबली नाही, घशात रक्त जातंय असं वाटलं किंवा बाबांना चक्कर आली, तर आमची वाट न बघता जवळच्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत न्या.

राहिली दुसरी भेट. तेव्हा आधी दोन्ही बाजू बघू. डावी भरली असेल आणि मधल्या काळात उजवीकडून रक्त आलं नसेल, तर उजवीकडे काडी लावायची गरजच नाही, आणि मी ती लावणार नाही.