‘१।’ म्हणजे सव्वाच: शंकरपाळ्यांच्या कार्डावरच्या प्रतिक्रियेला उत्तर

आत्याच्या हातच्या शंकरपाळ्यांच्या कार्डाचा फोटो आणि त्यावरून उतरवलेली कृती मी लेखात टाकली होती. त्यावर आलेली प्रतिक्रिया: “सव्वा वाटी साखर कुठून काढलीत? फोटोत १ च्या पुढे नुसता पूर्णविराम आहे. ‘मावेल तेवढा मैदा’ असं स्वच्छ लिहिलेलं असताना तुम्ही ४२० ग्रॅम लिहिता, चार ओळींच्या सात पायऱ्या करता आणि वेलदोड्यांची वेलची करता. घरातल्या एखाद्या बाईला विचारलं असतंत तर ही वेळ आली नसती.”

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण बाकीची प्रतिक्रिया त्याच्यासाठीच लिहिलीत असं वाटतं. ज्या बाईला विचारायचं ती माझी आत्या, आणि ती आता नाही. ती असती तर कार्डाचा फोटो काढून, तो मोठा करून एकेक रेघ बघत बसलोच नसतो. दर दिवाळीत तिच्या शेजारी पाटावर बसून कातण फिरवायचं काम माझ्याकडे असे, आणि वाकड्या पट्ट्या कातल्या म्हणून बोलणीही मीच खात असे. तेव्हा कुणाला विचारायचं हे मला शिकवू नका.

वेलदोड्यांचं मान्य. कार्डावर ‘वेलदोडे’ आहे, मी सवयीने ‘वेलची’ टाइप केलं. शब्द तिचा होता, तो बदलायला नको होता. दुरुस्त केलं आहे.

आता तुमच्या पूर्णविरामाकडे येतो. मराठीत पूर्णविराम म्हणजे टिंब. उभी रेघ हिंदीत वाक्याच्या शेवटी येते, आपल्याकडे फार तर अभंगात आणि ओवीत. आत्याने जन्मात कधी वाक्य उभ्या रेघेने संपवलं नाही. शिवाय ती रेघ ओळीच्या शेवटी नाहीच, आकडा आणि ‘वाटी’ यांच्या मधे आहे: ‘साखर १। वाटी’. आकड्यानंतर पूर्णविराम देऊन मग वाटी लिहिणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. त्याच कार्डावर ‘दूध १ वाटी’ आहे, तिथे रेघ नाही. एका ओळीत आहे आणि एका ओळीत नाही, म्हणजे रेघेला काहीतरी अर्थ आहे एवढं तरी दिसायला हवं होतं.

अर्थ असा. जुन्या हिशेबात पावाला एक उभी रेघ, अर्ध्याला दोन आणि पाऊणला तीन. ‘१।’ सव्वा, ‘१॥’ दीड, ‘१॥।’ पावणेदोन. मला हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आजोबांनी माझ्याकडून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकून घेतली होती आणि किराणाच्या वहीची बेरीज नवव्या वर्षी मी करत होतो. त्याच कार्डावर तूप ‘॥। वाटी पातळ’ आहे. तिथे तुम्ही तीन पूर्णविराम वाचलेत का? की तीन वाट्या? एका वाटी दुधाला तीन वाट्या तूप घातलं तर शंकरपाळे कढईत सोडल्यावर विरून जातील आणि खाली गाळ उरेल. वाचन चुकलंय की नाही हे कळायला इतका साधा उपाय असतो: वाचलेलं माप डोळ्यांपुढे कालवून बघायचं.

तरी एक गोष्ट तुमच्या बाजूने सांगतो, जी तुम्हाला सुचली नाही. ते कार्ड म्हणजे माझ्याच लग्नाची उरलेली पत्रिका आहे, मागची कोरी बाजू. तुपाच्या डागाने कागद पारदर्शक होतो आणि पलीकडची छपाई इकडे उमटते. पत्रिकेवर काय छापलेलं असतं? वर मधोमध श्री आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा. म्हणजे डागाखालची ‘॥’ आत्याची की छापखान्याची, हा खरा प्रश्न होता. अक्षरं मागून उलटी दिसतात, त्यामुळे ओळखू येतात. पण ‘॥’ उलटली तरी ‘॥’च राहते.

यावर माझा एक पूर्ण रविवार गेला. आधी मी फोनमधल्या स्कॅनच्या सोयीने फोटो काढला होता. ती सोय कागद पांढराशुभ्र करते आणि बाकी सगळं काळं. तशा फोटोत छपाई आणि शाई यांच्यात काडीचा फरक उरत नाही, आणि पेन्सिलीने लिहिलेलं काही असेल तर ते धुऊनच निघतं. मग कार्ड खिडकीपाशी नेलं, वरून सरळ साधा रंगीत फोटो काढला, मागच्या बाजूचा वेगळा काढला आणि तो आरशासारखा उलटा करून पहिल्यावर ठेवून बघितला. छपाई कुंकवाच्या रंगाची, आत्याची शाई निळी. छापील रेघा डागाच्या वरच्या कडेला येत होत्या, तुपाच्या ओळीपासून बोटभर लांब. तुपाच्या तिन्ही रेघा निळ्या, आणि साखरेपुढची एक तर डागाच्या बाहेर, कोरड्या कागदावर. म्हणून पाऊण आणि सव्वा. अंदाजपंचे दाहोदरसे नव्हे.

लेखात मात्र मी तो काळा-पांढराच फोटो टाकला होता. ती चूक माझी. रंगीत असता तर कदाचित तुम्ही ही प्रतिक्रिया लिहिली नसती. कदाचित लिहिलीही असती.

मैद्याबद्दल थोडक्यात. तिच्या वाटीत काठोकाठ १५० ग्रॅम पाणी मावतं, म्हणजे वाटी १५० मिलीची. त्यावरून दूध १५० मिली, पातळ केलेलं तूप साधारण १०० ग्रॅम, शीग न लावता सव्वा वाटी साखर साधारण १६० ग्रॅम. मैद्याला माप नाही, कारण तो हाताला विचारून घालायचा असतो. मी काय केलं? एक किलोचा डबा वजनकाट्यावर ठेवला, गोळा घट्ट पण लाटताना कडा न फाटणारा होईपर्यंत मूठमूठ मैदा घालत गेलो आणि डब्यात उरलेलं मोजलं: ५८० ग्रॅम. म्हणून ४२०. त्याच्या पुढे मी ‘४०० ते ४५०, आधी ४०० घाला, बाकी मावेल तेवढा’ असं लिहिलं आहे. आत्याचे शब्द यादीत जसेच्या तसे आहेत. ती ओळ शेवटपर्यंत वाचायचे कष्ट तुम्ही घेतले नाहीत, त्याला मी काय करणार.

पायऱ्या सात का, तर ‘कालवून २ तास झाकणे, मंद तळणे’ एवढ्यावर माझ्या भाचीने पहिल्यांदा केले तेव्हा दूध, तूप आणि साखर गरम न करताच मैद्यात ओतली. साखरेचे खडे तसेच राहिले आणि तळताना वितळून काळे ठिपके पडले. आत्या ते मिश्रण साखर विरघळेपर्यंत कोमट करायची, उकळायची नाही, आणि गार झाल्यावरच मैदा घालायची. हे तिने लिहिलं नाही, कारण तिच्या दृष्टीने ते सांगायची गोष्टच नव्हती. माझ्या यादीत ती दुसरी पायरी आहे आणि तिच्यापुढे तारा आहे. कार्डावर नसलेल्या प्रत्येक पायरीपुढे तारा आहे. एकूण तीन तारे. मोजा.

रंगीत फोटो आता मूळ लेखात वर टाकला आहे, पत्रिकेच्या बाजूचाही, नावं झाकून. साखरेची ओळ खालून तिसरी.