भाऊंच्या डोक्यामागचं आभाळ

आमच्या तालुक्यात माणूस किती मोठा झाला हे फ्लेक्सवरून मोजतात. वाढदिवसाला दहा बाय आठचा एक लागला की तो ‘भाऊ’ होतो, चौकाच्या चारही कोपऱ्यांवर लागला की ‘भाग्यविधाता’. आणि हे सगळे भाग्यविधाते घडतात माझ्या दुकानात, पंख्याच्या वाऱ्यावर उडणाऱ्या बिलबुकाशेजारी. लोकांना वाटतं, ह्याचं काम काय, भाऊंना फोटोतून कापायचं आणि केशरी बॅकग्राउंडवर चिकटवायचं. कापणं हो, आमचा पिंट्यासुद्धा करतो, तेही मोबाइलवर रील बघत बघत. पण कापलेल्या भाऊंच्या डोक्याभोवती जुन्या फोटोतलं आभाळ चिकटून येतं, ते उतरवायला मात्र मीच लागतो.

यंदाचेच भाऊ घ्या. फोटो फार्महाउसवरचा. मागे भर दुपारचं पांढरट निळं आभाळ, खाली हिरवीगार लॉन, अंगात कडक इस्त्रीचा पांढरा कुर्ता. केस काळे, ताजे रंगवलेले. पिंट्याने कापून केशरी रंगावर ठेवले, तर भाऊंच्या डोक्याला, कानांना, मिशीच्या टोकांना निळसर-पांढरी किनार. फ्लेक्स सांगायला आलेले कार्यकर्ते मागे उभे होते. एकजण म्हणाला, “दादा, राहू द्या की. तेज आल्यासारखं दिसतंय.”

हे तेज छापल्यावर केवढं होतं त्याचा हिशेब मी त्यांना करून दाखवला. फोटो आला व्हॉट्सअ‍ॅपवरून. त्यात डोक्यापासून कमरेपर्यंतचे भाऊ जेमतेम सहाशे पिक्सेल उंच. फ्लेक्सवर ते चार फूट हवेत. चार फूट म्हणजे अठ्ठेचाळीस इंच, भागिले सहाशे, म्हणजे एक पिक्सेल छापला की दोन मिलिमीटरचा. किनार तीन पिक्सेलची. भाऊंच्या डोक्याभोवती सहा मिलिमीटर जाडीची निळी गोट. रस्त्याच्या पलीकडून दिसते. विरोधी पॅनेलला तर दोन चौक अलीकडून.

ही किनार म्हणजे कापताना राहिलेलं आभाळ, असं सगळ्यांना वाटतं. म्हणजे कात्री थोडी आत घेतली की झालं. तसं असतं तर मी कधीच जेवायला वेळेवर घरी गेलो असतो. खरी गोची अशी, की फोटोत केस जिथे संपतो आणि आभाळ सुरू होतं तिथे रेघ नसतीच. तिथला एकेक पिक्सेल अर्धा केसाचा, अर्धा आभाळाचा. लाल टॉवेलबरोबर भिजवलेला पांढरा बनियन बादलीतून बाहेर काढला म्हणून पांढरा होत नाही, तसंच हे. पिक्सेल आभाळातून बाहेर आला, पण आभाळ त्याच्यातून गेलं नाही.

आकड्यांत बघायचं तर भाऊंच्या केसाचा रंग होता लाल 40, हिरवा 30, निळा 25, जवळजवळ काळाच. आभाळ 200, 220, 250. दोघांच्या मधल्या अर्ध्या-अर्ध्या पिक्सेलचा रंग झाला 120, 125, 138, म्हणजे निळसर करडा. आता पिंट्याचा मास्क अगदी बिनचूक आहे असं धरू. त्याने तो पिक्सेल बरोबर अर्धा पारदर्शक केला. खाली 255, 140, 0 असा केशरी. तिथे दिसायला हवा होता 147, 85, 12 असा गडद तपकिरी, म्हणजे केसातून डोकावणारा केशरी. दिसला 187, 132, 69. मळकट, फिकट. मास्क बरोबर असून किनार चुकली, कारण मास्क फक्त किती दिसायचं ते ठरवतो. काय रंगाचं दिसायचं ते पिक्सेलच ठरवतो. हे मी पिंट्याला तीन वर्षं समजावतोय. तो मान डोलावतो आणि फेदर वाढवतो.

फेदर वाढवणं हा आमच्या धंद्यातला राष्ट्रीय रोग आहे. किनार दिसली की धूसर करा. धूसर केल्याने निळी किनार जात नाही, निळं धुकं होतं. दुसरा रोग आउटर ग्लोचा: किनारीवरच पांढरी चमक मारायची, म्हणजे खालचं काही दिसतच नाही. गल्लोगल्लीचे शुभेच्छुक फ्लेक्सवर रात्री ट्यूबलाइट गिळल्यासारखे दिसतात ना, त्यामागे भक्ती नसते, कंटाळा असतो.

त्यातल्या त्यात शहाणे लोक फोटोशॉपमध्ये `Select > Modify > Contract` मारून सिलेक्शन एक-दोन पिक्सेल आत घेतात. कुर्त्याच्या खांद्याला हे उत्तम. खांद्याची कड सरळ आणि ठाम असते, एक पिक्सेल गेला तरी भाऊ हडकत नाहीत. पण तेच डोक्याला केलं की सुटे केस गेले, कानाची पाळी बारीक झाली आणि मिशी, जी भाऊंची निवडणूक निशाणी असल्यासारखी आहे, तिची टोकं गायब. डोकं हेल्मेटसारखं गुळगुळीत. कार्यकर्ते काही बोलत नाहीत, पण वहिनींचा फोन येतो.

म्हणून मी कडा वाटून घेतो. खांदे, बाह्या, जाकीट असेल तर जाकीट, इथे एक पिक्सेल आत. मग ह्या कडांसाठी `Layer > Matting > Defringe`, एक किंवा दोन पिक्सेल. हा पट्ठ्या कड कापत नाही; कडेच्या पिक्सेलला आतल्या शेजाऱ्याचा रंग देतो. कुर्त्याच्या कडेला कुर्त्याचाच रंग, गालाच्या कडेला गालाचाच. मास्क लावलेला असेल तर तो आधी पक्का करून घ्यावा लागतो, तेव्हा लेयरची कॉपी ठेवूनच हात घालायचा. त्याच मेनूत `Remove White Matte` आणि `Remove Black Matte` बसलेले आहेत, आणि नाव वाचून पिंट्या आधी तिथेच धावतो. ते शुद्ध पांढऱ्या किंवा शुद्ध काळ्या बॅकग्राउंडवरून कापलेल्या वस्तूंसाठी. प्रेशर कुकरच्या कॅटलॉगला ठीक. भाऊंचं आभाळ पांढरं नव्हतं, त्यामुळे पांढरं वजा केलं की किनार जाण्याऐवजी विचित्र काळपट निळी पडते.

केसांना `Defringe` चालत नाही. एक-एक केस दीड पिक्सेलचा. त्याला ‘आतला शेजारी’ म्हणून सापडतो तोही आभाळात भिजलेलाच. तिथे `Select and Mask` मध्ये जाऊन केसांवरून रिफाइन ब्रश फिरवायचा आणि खाली `Decontaminate Colors` वर टिकमार्क. हा मास्कसोबत पिक्सेलचे रंगही बदलतो, म्हणून निकाल नवीन लेयरवर देतो, आणि ते बरंच आहे. जुने भाऊ खाली सुरक्षित राहतात. मात्र मास्क गचाळ असेल तर हाच प्रकार कपाळाचा रंग ओढत केसांत नेतो. प्रमाण शंभरवर ठेवून निघून जायचं नाही. रेघोट्या दिसेनाशा होईपर्यंत खाली आणायचं.

तरी डाव्या कानामागे एक पट्टा राहिलाच. राहतोच तो. तिथे हातानं. वर नवीन लेयर, ऑल्ट दाबून दोन लेयरच्या मधल्या रेघेवर क्लिक करून खालच्या लेयरला बांधलेला, म्हणजे रंग भाऊंच्या बाहेर सांडत नाही. ब्रश मऊ, रंग आतल्या केसातून उचललेला. इथे सगळे जण ब्लेंडिंग मोड `Color` ठेवतात आणि मग कपाळाला हात लावतात, कारण `Color` ने निळेपणा जातो पण उजेड जात नाही. निळी किनार पांढुरकी करडी होते, एवढंच. उजळ आभाळासमोरच्या काळ्या केसांना `Darken` हवा. जो पिक्सेल केसापेक्षा उजळ, तोच काळा होतो. जो आधीच काळा, त्याला हा हात लावत नाही.

हे सगळं तपासायचं कशावर? पिंट्या पांढऱ्या कॅनव्हासवर तपासतो. पांढऱ्यावर आभाळाची किनार दिसणारच कशी! मी खाली एक गर्द काळा लेयर ठेवतो, एक भडक लाल आणि एक शेवटचा खरा केशरी, आणि एकेका लेयरचा डोळा उघडून बघतो. काळ्यावर उजळ किनारी ओरडतात, पांढऱ्यावर गडद. फ्लेक्सवर जे लपलंय ते तिथे उघडं पडतं.

आता कुर्ता. बाहीच्या खालच्या कडेला हिरवी झाक होती आणि ती दोन-तीन पिक्सेलांत संपत नव्हती, चांगली कोपरापर्यंत आत गेली होती. ही किनारच नव्हे. उन्हाचा उजेड लॉनवर आपटून कुर्त्यावर आला होता, म्हणजे कुर्ता तिथे खरोखरच हिरवट होता. त्याला कापून, आत घेऊन, डिफ्रिंज करून काही होत नाही. `Hue/Saturation` मध्ये फक्त हिरवे आणि पिवळे निवडून त्यांची सॅच्युरेशन उतरवायची, मास्क लावून, तेवढ्या बाहीपुरती. एका कार्यकर्त्याला मात्र हिरवी झाक आवडली नव्हती ती वेगळ्याच कारणाने. तो विषय मी वाढवला नाही.

व्हॉट्सअ‍ॅपचं दुखणं शेवटी सांगतो, कारण ते सुधारण्याची आशा मी सोडलीय. ही जेपीजी फाइल उजेड पूर्ण बारकाईने साठवते, रंग मात्र बहुतेक वेळा आडवा-उभा निम्म्याच बारकाईने. म्हणजे चार पिक्सेलांना मिळून एकच रंग. त्यामुळे आभाळाचा निळा केसाच्या कडेपेक्षा आत पसरतो आणि मास्क कितीही नेमका असला तरी आतून निळा डोकावतो. म्हणून मी कार्यकर्त्यांना नम्रपणे सांगतो, मूळ फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ते पाठवतात. उघडून बघतो तर गॅलरीत उघडलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट, वर बॅटरी सतरा टक्के आणि दोन मिस्ड कॉल, डॉक्युमेंट म्हणून.

तर रात्री साडेदहाला भाऊ तयार झाले. केस मोकळे, मिशी शाबूत, कानांची पाळी जागच्या जागी, केसांच्या फटींतून अस्सल केशरी. खालच्या शुभेच्छुकांची रांगही लागली. कुणी गुलाबी भिंतीवरून आलेला, कुणी लग्नाच्या मांडवातून, प्रत्येकाची किनार वेगळ्या रंगाची. त्यांना सरसकट दोन पिक्सेल डिफ्रिंज. शुभेच्छुकाचं डोकं अडीच इंचाचं छापतं. तिथे मिशीची टोकं मोजत बसायला त्यांनी ॲडव्हान्स दिलेला नसतो.

प्रूफ पाठवलं. पाच मिनिटांत फोन.

“दादा, एक नंबर झालंय. फक्त एक बारीकसं. केशरी नको, तिकडच्या पॅनेलचा पण केशरीच आहे.”

“मग कुठला टाकू?”

“आभाळ टाका ना. दुपारचं, पांढरट निळं. भाऊंच्या मूळ फोटोत होतं तसलं.”