नाव काढले म्हणजे पोस्ट निनावी होत नाही

वडोदऱ्यातील मराठी कुटुंबांच्या फेसबुक गटांवर अभ्यास करू इच्छिणारे विद्यार्थी अधूनमधून आपला आराखडा दाखवायला माझ्याकडे येतात. संमतीचा विषय निघाला की बहुतेकांचे उत्तर एकच असते : पोस्ट सार्वजनिक आहे आणि नावे आम्ही काढणारच आहोत. हे उत्तर मला मुळीच पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट मांडावे म्हणून हे लिहीत आहे.

नाव काढूनही पोस्टमधले वाक्य जसेच्या तसे प्रबंधात छापले, तर ते वाक्यच लेखकाचा पत्ता होऊन बसते. अवतरणचिन्हांत घालून ते शोधयंत्रात टाकावे किंवा गटाच्या आतल्या शोधपेटीत टाकावे, मूळ पोस्ट नावासकट समोर येते. ट्विटरवरील मजकूर वापरणाऱ्या वैद्यकीय शोधनिबंधांची अशी तपासणी जॉन आयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केली. त्यांना 72 टक्के निबंधांत किमान एक ट्वीट शब्दशः दिलेले आढळले, आणि अशा उद्धृतांचा शोध घेतल्यावर 84 टक्के वेळा ते थेट लिहिणाऱ्यापर्यंत पोहोचले. यासाठी कोणतेही विशेष तंत्रज्ञान लागले नव्हते.

लहान समाजात तर शब्दशः अवतरणाचीही गरज पडत नाही. एक कल्पित उदाहरण घेऊ. 3000 सदस्यांच्या गटात एक बाई प्रसूतीनंतरच्या नैराश्याबद्दल लिहितात. संशोधक मजकूर आपल्या शब्दांत मांडतो, पण संदर्भ कळावा म्हणून ‘लग्नानंतर नागपूरहून आलेली, दांडिया बाजारात राहणारी, जुळ्या मुलांची आई, पूर्वी शाळेत शिक्षिका’ एवढे ठेवतो. गटात स्त्रिया 1200 असतील, त्यांतल्या नागपूरच्या चाळीस, दांडिया बाजारातल्या चार, आणि जुळ्यांची आई एकच. एकेकटा तपशील निरुपद्रवी असतो, पण त्यांच्या बेरजेतून एकच माणूस उरतो, आणि त्या माणसाला ओळखणारे याच शहरात, कदाचित त्याच वाड्यात राहत असतात. म्हणून विद्यार्थ्यांना मी सांगतो की प्रत्येक वर्णन गटातल्या किती जणांना लागू पडेल ते मोजा. पाचांपेक्षा कमी भरले तर तपशील गाळा किंवा सैल करा. दांडिया बाजाराऐवजी ‘जुने शहर’, जुळ्यांऐवजी ‘लहान मुले’ असे लिहिल्याने नैराश्याबद्दलचा निष्कर्ष कुठेही ढळत नाही.

खरा पेच भाषेच्या अभ्यासात येतो. बडोद्याच्या मराठीत गुजराती वळणाची वाक्ये कशी घडतात हे पाहायचे असेल, तर वाक्य बदलता येत नाही, कारण ते वाक्य हाच पुरावा असतो. अशा वेळी माझे मत ठाम आहे : मोजणीसाठी प्रत्येकाची संमती व्यवहारात शक्य नसते आणि आकडे एकत्रित दिले तर तिच्यावाचून चालूही शकते, मात्र शब्दशः छापायच्या प्रत्येक वाक्यासाठी लिहिणाऱ्याला विचारलेच पाहिजे. ॲडमिनची परवानगी ही गटात शिरण्याची परवानगी आहे, सदस्यांची संमती नव्हे, आणि या दोहोंची गल्लत मला सर्वांत जास्त दिसते.

कायद्याकडे बोट दाखवून हा प्रश्न सुटत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, व्यक्तीने स्वतः सार्वजनिक केलेल्या माहितीला लागूच होत नाही. समाजमाध्यमावर स्वतःची मते मांडणाऱ्या व्यक्तीचे उदाहरणही त्यात दिलेले आहे. पण त्याच पोस्टमध्ये सासूच्या आजाराबद्दल किंवा मुलाच्या शाळेतल्या अडचणीबद्दल लिहिलेले असते, आणि ती माहिती त्या सासूने किंवा मुलाने कुठेही सार्वजनिक केलेली नसते. बंद गटात लिहिलेले ‘सार्वजनिक’ कसे म्हणायचे, हाही प्रश्न उरतोच. कायद्याने मोकळीक दिली तरी नीतिविषयक समितीने हे विचारायलाच हवे.

काळाचाही विचार फार कमी होतो. पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात चढतात आणि कोणालाही वाचता येतात. बाईंनी दोन वर्षांनी आपली पोस्ट काढून टाकली, तरी त्यांचे वाक्य तिथे राहते. म्हणून संमती मागताना ‘तुमची पोस्ट अभ्यासासाठी वापरू का’ एवढेच विचारणे अपुरे आहे. छापायचे नेमके वाक्य त्यांना दाखवावे, ते कुठे आणि किती काळ दिसेल हे मराठीत सांगावे, आणि प्रबंध सादर करण्याआधी मूळ पोस्ट अजून आहे का हे पुन्हा पाहावे. ती नसेल तर लेखकाने माघार घेतली असे समजून वाक्य गाळावे. उत्तरच आले नाही तर तो नकारच मानावा आणि ती पोस्ट केवळ आकड्यांत धरावी, मग ते वाक्य प्रबंधासाठी कितीही मोलाचे असो.