विषय : मोबाईल जमा करण्याबाबत

शाळेत कुठलीही सूचना काढायची असली की ती फिरत फिरत मराठीच्या बाईंच्या टेबलावर येते. मामला प्रयोगशाळेचा असो, सहलीचा असो की पाण्याच्या टाकीचा, "बाई, तुमची भाषा चांगली आहे" म्हणून सगळे मोकळे होतात. यंदा अकरावीच्या पहिल्या घटक चाचणीआधी प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "मोबाईल का जमा करतो आणि नाही दिला तर काय होईल, एवढं पालकांना कळवायचंय. चार ओळी पुरे."

चार ओळी तयारच होत्या. मागच्या वर्षीच्या फाइलीत होत्या, त्याच्या मागच्या फाइलीतही होत्या. "चाचणीच्या काळात मोबाईल आणण्यास सक्त मनाई आहे. आढळल्यास कडक कारवाई करण्यात येईल." ही कारवाई म्हणजे नेमकं काय, हे पालकांना माहीत नव्हतं, मुलांना नव्हतं, आणि स्टाफरूममध्ये विचारल्यावर कळलं की आम्हालाही नव्हतं. एका वर्गशिक्षकांनी सापडलेला फोन दोन तासांत परत दिला होता. दुसऱ्यांनी दिवाळीपर्यंत ठेवला होता. तिसऱ्यांच्या कपाटात एक फोन अजून पडून होता आणि त्याचा मालक एव्हाना इंजिनिअरिंगला गेला होता.

शिवाय नुसती मनाई करून आमच्याकडे भागत नाही. निम्मी मुलं आसपासच्या गावांतून एसटीने येतात. कॉलेज, प्रॅक्टिकल, मग क्लास, आणि संध्याकाळची गाडी चुकली तर घरी कळवायला फोन हवा. घरातून निघताना आईच तो दप्तरात टाकते. म्हणजे फोन येणारच. आमचा हक्क फक्त पेपरच्या तासाभरापुरता. म्हणून 'मनाई' खोडून 'जमा' लिहिलं, आणि तिथेच चार ओळींचा हिशोब बिघडला.

आता कारण द्यायचं. उपप्राचार्यांचं मत, युनेस्कोच्या 2023 च्या शिक्षण अहवालाचा हवाला द्यावा, त्यात मोबाईलने मुलांचं लक्ष उडतं असं म्हटलंय. म्हटलं, सर, लक्ष उडतं हे प्रत्येक आईला माहीत आहे, त्यासाठी युनेस्को कशाला? आणि ते कारण खरंही नव्हतं. चाचणीच्या तासाला कोणी रील बघत बसत नाही. आमचं खरं दुखणं वेगळं आहे, आणि ते आजवर एकाही सूचनेत लिहिलेलं नव्हतं.

झालं असं होतं की विज्ञान शाखेच्या दोन तुकड्या एकाच वेळी पेपरला बसवायला आमच्याकडे खोल्या नाहीत. 'अ' तुकडी साडेसातला पेपर लिहिते तेव्हा 'ब' तुकडी प्रयोगशाळेत असते, आणि दहा वाजता उलट होतं. पेपर मात्र एकच. गेल्या वर्षी भौतिकशास्त्राच्या पेपरात चेंडू सरळ वर फेकल्याचं एक गणित होतं. छपाईत वेग सेकंदाला 20 मीटर पडला, हवा होता 30. खालच्या उपप्रश्नात चेंडू 45 मीटर उंचीवर पोचल्याचं गृहीत धरलेलं, आणि 20 च्या वेगाने तो 20 मीटरच्या वर काही जाईना. 'अ' तुकडीत सरांनी फळ्यावर दुरुस्ती लिहून दिली. 'ब' तुकडीवर दुसऱ्या बाई होत्या, त्यांना कोणी काही सांगितलं नाही. फळा कोरा राहिला. संध्याकाळी सर पेपर तपासायला बसले तर 'ब' तुकडीतल्या मागच्या दोन रांगांनी 20 वाचून शांतपणे 30 घेतलेले, आणि उंची 45 मीटर आणलेली. सर आधी खूश झाले, मुलं विचार करायला लागली म्हणून. मग पुढच्या रांगेतली हुशार मुलं चुकलेली दिसली तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

फोटो कोणी काढला ते शेवटपर्यंत कळलं नाही. कोणाला शून्य द्यायचं तेही ठरेना, कारण एखाद्याने खरोखरच चूक ओळखली असेल तर? अख्ख्या तुकडीची चाचणी पुन्हा घेतली. ज्यांनी काहीच केलं नव्हतं ती मुलंही दुसऱ्यांदा बसली. मी सूचनेत हेच लिहिलं: एकाच्या खिशातला फोन दुसऱ्या तुकडीचा पेपर फोडतो, आणि फेरपरीक्षेचा भुर्दंड सगळ्यांना बसतो. बोर्डालासुद्धा 2023 मध्ये पेपर दहा मिनिटं आधी हातात द्यायची जुनी सवलत बंद करावी लागली, कारण तेवढ्यात तो मोबाईलवरून फिरत असल्याच्या तक्रारी होत्या. ती दहा मिनिटं आता शेवटी मिळतात. पालक सभेत हे वाचून दाखवल्यावर एका काकांनी विचारलं, "मग दोन वेगळे पेपर काढा की." काढले होते. त्या वर्षी 'ब' तुकडीचे पालक 'अ'चा पेपर सोपा होता म्हणून आले होते. बहुधा हेच काका.

मग जमा करण्याची रीत. ही लिहिताना कळलं की प्रत्येक वाक्यामागे एक मूल उभं आहे. "मोबाईल बंद करावा, सायलेंट नव्हे" या वाक्यामागे एक गजर आहे, जो गणिताच्या पेपरात ऑफिसच्या लोखंडी कपाटातून कोंबडा होऊन आरवत राहिला. कपाटाची चावी क्लार्क भाऊसाहेबांकडे होती आणि भाऊसाहेब चहाला गेले होते. "शिक्षकांसमोर चालू करून मग बंद करावा" या वाक्यामागे तर एक अख्खी पिढी आहे. मुलं घरातला जुना, मेलेला फोन आज्ञाधारकपणे पाकिटात घालून देतात आणि खरा फोन मोज्यात ठेवतात. त्यांच्या भाषेत याला डमी म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: डमी देणारा मुलगा कधीच "सर, नीट ठेवा हां" म्हणत नाही. पण खुणेवर नियम करता येत नाही, म्हणून फोन चालू झालाच पाहिजे. साठ मुलांचे फोन चालू करून बंद करायला वेळ लागतो, म्हणून पेपरच्या वीस मिनिटं आधी यायचं. खाकी पाकिटावर नाव, तुकडी, हजेरी क्रमांक. नोंदवहीत फोनची कंपनी, रंग, काच आधीच तडकलेली असल्यास तसा शेरा, आणि मुलाची सही. हा तडकलेल्या काचेचा शेरा फार महत्त्वाचा. तो नसेल तर प्रत्येक काच शाळेतच तडकते.

शेवटी जुन्या फाइलीतलं लाडकं वाक्य होतं: "मोबाईल गहाळ झाल्यास शाळा जबाबदार राहणार नाही." पालक सभेत तालुका कोर्टातले एक वकील पालक होते, त्यांनी नेमकं तेवढंच वाक्य ऐकलं. म्हणाले, "बाई, फोन तुम्ही मागून घेताय ना? मग 1872 च्या करार कायद्याचं 148 वं आणि 151 वं कलम बघा. दुसऱ्याची वस्तू ताब्यात घेतली की साधारण शहाणा माणूस स्वतःची वस्तू जपतो तेवढी जपावी लागते." प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कपाटाकडे बघितलं. त्याचं कुलूप कंपासच्या टोकाने उघडतं, हे वकीलसाहेबांना कोणी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नवं कुलूप आलं आणि वाक्य बदललं: नोंद केलेल्या मोबाईलची जबाबदारी शाळेची, नोंद न करता दप्तरात ठेवलेल्याची नाही.

शिक्षेच्या परिच्छेदावर स्टाफरूम दोन दिवस पेटली होती. पीटीच्या सरांना फोन आपटायचा होता. उपप्राचार्यांना 1982 चा परीक्षेतल्या गैरप्रकारांचा कायदा घालून तुरुंगाचा उल्लेख हवा होता. तो कायदा विद्यापीठाच्या, बोर्डाच्या आणि नेमून दिलेल्या इतर परीक्षांसाठी आहे. आमची 25 गुणांची चाचणी त्यात बसत नाही, हे ऐकून त्यांना जरा अपमान झाल्यासारखं वाटलं. दंड घ्यावा, तर पावती कुठल्या खात्यावर फाडायची, असं भाऊसाहेबांनी विचारलं. फोन उघडून गॅलरी बघावी, असंही कोणी सुचवलं. त्याला मी ठाम नाही म्हटलं. सोळा वर्षांच्या मुलीच्या फोनमध्ये काय असेल ते बघायचा अधिकार आम्हाला नाही, आणि बघितल्यावर जे गळ्यात पडेल ते निस्तरायची ताकदही नाही.

भौतिकशास्त्राच्या सरांना सरसकट शून्य हवं होतं. अकरावीला दोन चाचण्या, सहामाही आणि वार्षिक मिळून 200 गुण होतात आणि त्यांचे शंभर करतात. म्हणजे एका चाचणीतलं शून्य निकालात साडेबारा गुणांना पडतं. खिशात फोन सापडणं वेगळं आणि फोनवरून कॉपी करणं वेगळं. पहिल्याला दुसऱ्याची शिक्षा देणं मला पटेना, आणि त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. अखेर ठरलं ते असं: फोन मुलासमोरच पाकिटात बंद करून त्यावर दोघांच्या सह्या. तो पेपर रद्द, त्या विषयाची चाचणी वेगळ्या प्रश्नपत्रिकेवर पुन्हा. पालकांनी स्वतः येऊन, सही करून फोन न्यायचा. दुसऱ्यांदा सापडला तर वर हमीपत्र, आणि उरलेले पेपर ऑफिसात भाऊसाहेबांच्या समोर बसून. शून्य फक्त फोटो किंवा उत्तर पाठवल्याचा पुरावा असेल तेव्हाच. मुलं, माझ्या माहितीप्रमाणे, भाऊसाहेबांना सर्वांत जास्त घाबरली.

"तातडीच्या निरोपासाठी शाळेच्या दूरध्वनीवर संपर्क साधावा" असंही लिहिलं. छापायच्या आधी सहज तो नंबर लावून बघितला. टेबलावरचा फोन वाजला नाही. तार कधी तुटली ते कोणालाच आठवेना. मग भाऊसाहेबांचा मोबाईल नंबर दिला. चाचणीच्या पहिल्याच दिवशी त्यावर अकरा तातडीचे निरोप आले, त्यातले बहुतेक डबा खाल्ला का हे विचारणारे.

तिसऱ्या दिवशी रसायनशास्त्राच्या पेपरात एका मुलाच्या मोज्यात फोन घरघरला. डमी कपाटात सुखरूप होता. बॅटरी सोसेल तेवढा एकच मिनिट चालू होऊन त्याने आपलं काम केलं होतं. सगळं सूचनेप्रमाणे झालं. पाकीट, सह्या, पेपर रद्द. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. भांडायला आली असणार म्हणून प्राचार्य टाय सारखा करून बसले. आईंनी नोंदवहीत सही केली, पाकीट हातात घेतलं, उलटसुलट करून बघितलं आणि परत टेबलावर ठेवलं.

"सर, सहामाहीपर्यंत तुमच्याकडेच राहू द्या की हा," त्या म्हणाल्या. "कालची रात्र पोरगं जेवताना बोललं आमच्याशी."

प्राचार्यांनी नवं कुलूप लावलेल्या कपाटाकडे बघितलं, मग 148 वं कलम आठवलं असावं. त्या गेल्यावर त्यांनी मला बोलावलं. दुसऱ्या चाचणीच्या सूचनेत आता नववा मुद्दा आहे: "पालकांच्या विनंतीवरून मोबाईल शाळेत ठेवून घेतला जाणार नाही."