शंभराच्या वर एक युनिट गेले की काय होते?

वीजबिलाबद्दल असे दावे ऐकू येतात: “मीटरने १०० चा आकडा ओलांडला की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, म्हणून एका युनिटपायी बिल जवळजवळ दुप्पट होते. खरा दर काढायचा असेल तर बिलाच्या रकमेला युनिटनी भागा; जेवढे युनिट वाचवाल तेवढे त्याच दराने पैसे वाचतील. आणि रीडिंग उशिरा घेतले की तुम्ही मुद्दाम वरच्या स्लॅबमध्ये ढकलले जाता.”

हे दावे तपासण्यासाठी हिशेबाचे सोपे दर गृहीत धरतो. पहिल्या १०० युनिटना ४ रुपये आणि त्यापुढच्या युनिटना ९ रुपये वीज आकार, प्रत्येक युनिटला १ रुपया वहन आकार, महिन्याला १२० रुपये स्थिर आकार आणि या सगळ्याच्या बेरजेवर १५ टक्के वीज शुल्क, असे समजू. आपल्या बिलाच्या मागे किंवा तपशिलाच्या चौकटीत जे दर छापलेले असतील ते या जागी घालावेत. रीत बदलत नाही.

१०० युनिटना वीज आकार ४००, वहन आकार १०० आणि स्थिर आकार १२० मिळून ६२० रुपये होतात, आणि शुल्कासह बिल ७१३ रुपये येते. १०१ युनिट झाले तर वरचा दर फक्त त्या शेवटच्या एका युनिटला लागतो, त्यामुळे ९ अधिक १ असे १० रुपये आणि त्यावरचे शुल्क धरून बिल साडेअकरा रुपयांनी वाढते. सगळ्या युनिटना ९ चा दर लागला असता तर हेच बिल १,२९९ रुपये ५० पैसे आले असते. हा फरक बिलावर लगेच ओळखता येतो: वीज आकाराच्या तपशिलात प्रत्येक टप्प्याचे युनिट आणि त्याचा दर वेगवेगळे दाखवलेले असतील, तर आकारणी टप्प्याटप्प्यानेच झाली आहे. मात्र काही दरपत्रकांत ठरावीक मर्यादेनंतर सर्व वापराला खरोखरच एकच दर लागतो, किंवा तिथे सवलत पूर्ण बंद होते, किंवा स्थिर आकार बदलतो. तिथे एका युनिटने मोठी उडी बसू शकते. म्हणून माझा आग्रह एवढाच आहे की भीती पसरवण्याआधी आपल्या बिलातील ती चौकट वाचावी.

भागाकाराचा मुद्दा अधिक फसवा आहे, कारण भागाकार चुकीचा नाही. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. २४० युनिटना वीज आकार ४०० अधिक १,२६० म्हणजे १,६६० रुपये, वहन आकार २४० आणि स्थिर आकार १२० मिळून २,०२० रुपये, आणि शुल्कासह २,३२३ रुपये होतात. सरासरी दर युनिटमागे सुमारे ९ रुपये ६८ पैसे पडला. पण या घराने ४० युनिट वाचवले तर ते वरच्या टप्प्यातून कमी होतात, म्हणून प्रत्येक युनिटमागे साडेअकरा रुपये, एकूण ४६० रुपये वाचतात. सरासरीने मोजले असते तर ३८७ रुपयेच वाटले असते. उलट, जवळजवळ बंद असलेल्या घरात ३० युनिट वापरले तर बिल ३१० रुपये ५० पैसे येते आणि सरासरी १० रुपये ३५ पैसे पडते, म्हणजे भरपूर वीज वापरणाऱ्या घरापेक्षाही जास्त. हा परिणाम स्थिर आकाराचा आहे, कारण तो शुल्कासह १३८ रुपये होतो आणि एकही युनिट न जाळता द्यावाच लागतो. तेव्हा घराचा विजेवरचा एकूण भार पाहायचा असेल तर सरासरी काढावी, आणि जुना पंखा बदलून काय वाचेल हे पाहायचे असेल तर शेवटच्या टप्प्याचा दर घ्यावा. सरासरी काढतानाही मागील थकबाकी, व्याज आणि आधीच्या बिलांचे समायोजन आधी वजा करावे. एरवी जुन्या महिन्याचे पैसे या महिन्याच्या युनिटवर चढतात.

उशिराच्या रीडिंगबद्दलची शंका मात्र रास्त आहे आणि ती मोजून पाहता येते. मागील आणि चालू रीडिंगच्या तारखांमधील दिवस मोजावेत. तेच २४० युनिट ३० ऐवजी ३६ दिवसांचे असतील आणि दरपत्रकात टप्पे दिवसांच्या प्रमाणात वाढवण्याची तरतूद असेल, तर पहिला टप्पा १०० ऐवजी १२० युनिटचा व्हायला हवा. तसे केल्यास वीज आकार १,६६० ऐवजी १,५६० रुपये येतो आणि शुल्कासह ११५ रुपयांचा फरक पडतो. तपशिलात पहिल्या टप्प्यासमोर १२० ऐवजी १०० छापलेले दिसले, तर दोन्ही तारखा, दिवसांची संख्या आणि हा ११५ रुपयांचा हिशेब लिहून बिल दुरुस्तीचा अर्ज द्यावा.