सगळे मारुतीमागे

ठिबक सिंचनाच्या आमच्या एजन्सीच्या यादीत १८०० ग्राहक आहेत आणि त्यातले बरेचसे 'मारुती मंदिरामागे' राहतात. शेठना ते सगळे नकाशावर ठिपक्यांत बघायचे होते, म्हणून पत्त्यांचे अक्षांश-रेखांश काढायचं काम माझ्याकडे आलं.

पत्ता दिला की अक्षांश-रेखांश सांगणारं ओपनस्ट्रीटमॅपचं नॉमिनॅटिम घेतलं. फुकट, पण शिस्तीचं. सेकंदाला जास्तीत जास्त एक प्रश्न विचारायचा आणि मिळालेली उत्तरं आपल्याकडे साठवायची. १८०० पत्ते म्हणजे अर्धा तास. एकदा अर्धा तास कोणीही बसेल हो. पण रिफ्रेशचं बटण दिसलं की शेठचा हात शिवशिवतो, आणि मग केबिनमधून हाक, "नकाशा उना का भो?"

म्हणून आलेली उत्तरं साठवायला कॅशचं टेबल केलं. पत्ता आधी तिथे बघायचा, नसला तरच बाहेर विचारायचं. दिवसाला पाच-सात नवे पत्ते येतात, म्हणजे पाच-सात सेकंदांत काम व्हायला हवं. तरी रिफ्रेशला तीन मिनिटं लागायची.

लॉग उघडला. 'ता. चोपडा', 'तालुका चोपडा' आणि शेवटी एक स्पेस सांडलेला 'ता चोपडा ' हे कॉम्प्युटरच्या लेखी तीन वेगळे पत्ते होते. कॅशमध्ये शोधण्याआधी टिंबं, जादा स्पेस काढून 'तालुका'चा 'ता' केला. फरक पडला, पण थोडाच. खरे चोर होते न सापडणारे पत्ते. 'पाण्याच्या टाकीजवळ' कुठेच सापडत नाही, म्हणून टेबलात जात नाही, म्हणून दर वेळी नवाच ठरतो. असे दीडशे निघाले, म्हणजे अडीच मिनिटं तिथेच गेली. आता 'सापडला नाही' हेही तारखेसकट लिहून ठेवतो आणि महिनाभर तो विषय काढत नाही.

मग पाचोऱ्याकडच्या पिंपळगाव हरेश्वरचे एक आबा नकाशावर नाशिक जिल्ह्यात, पिंपळगाव बसवंतला निघाले. फॉर्मवर नुसतं 'पिंपळगाव' होतं. शेठनी त्यांना फोन लावून विचारलं, "आबा, कपाशी सोडीसन द्राक्षं लायी का?" कॅशचा स्वभाव असा की चुकीचं उत्तरही ती तितक्याच निष्ठेने जपते, कितीही रिफ्रेश करा. ती ओळ खोडावी लागली. आता तालुका-जिल्हा जोडल्याशिवाय विचारत नाही, परत आलेल्या उत्तरात जिल्हा जुळतो का ते बघतो, आणि हाताने दुरुस्त केलेल्या ओळीवर खूण ठेवतो, म्हणजे पुढचा शोध तिला हात लावत नाही.

न सापडलेल्यांसाठी मंदिर, टाकी वगळून नुसतं गाव विचारलं. सापडलं. पण उत्तर आलं ते गावाचं, घराचं नाही, त्यामुळे गावातले चाळीसच्या चाळीस एकाच ठिपक्यात जाऊन बसले. आकडे तंतोतंत सारखे दिसले की समजायचं, हा पत्ता अंदाजपंचे आहे. तशी नोंदही आता टेबलात असते.

शेठनी झूम केलं, आणखी झूम केलं.

"एकच दिसस. बाकीना कथा गयात रे?"

"मारुतीमागे, शेठ."