मौलानांचं भाषांतर का चाललं नाही

भाचीच्या व्हिसासाठी जन्मदाखला अरबीत हवाय, असा ताईचा शारजाहून फोन आला. मी भुसावळला घरीच दाखल्याचा फोटो काढला आणि ओळखीच्या मौलानांना व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. तासाभरात त्यांनी सुंदर अक्षरात अरबी कागद लिहून दिला. एक रुपया घेतला नाही. तो कागद तिकडे चालला नाही. पण यात मौलानांच्या अरबीचा काडीचाही दोष नव्हता, आणि हे मला मनापासून सांगायचंय.

दाखल्यावर मेहुण्यांचं नाव आणि आडनाव एवढंच होतं. पासपोर्टवर मात्र मधलं नावही आहे. मीच म्हणालो, "मौलाना, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव लिहा ना." त्यांनी लिहिलं. फोटोत गोल शिक्का नेमका घडीवर आला होता, वाचता येईना, म्हणून तो सोडला. मागची बाजू तर मी पाठवलीच नव्हती. मजकूर समजून घ्यायला एवढं पुरे होतं.

अमिरातीत सरकारी कामाला तिथल्या न्याय मंत्रालयाचा परवाना असलेल्या भाषांतरकाराचाच कागद लागतो. तो पदरचं एक अक्षर घालत नाही. दाखल्यावर मधलं नाव नसेल तर त्याच्या भाषांतरातही नसतं. नोंदणी क्रमांक, शिक्के, सह्यांचे हुद्दे, सगळं उतरवतो आणि जे वाचता येत नाही तिथे तसं लिहितो. खाली सही, शिक्का आणि परवाना क्रमांक असतो. समोरच्या अधिकाऱ्याला मराठी येत नाही, तो या सहीवर विसंबतो. अरबी दोघांचीही चांगलीच, पण चूक निघाली तर जबाब द्यायला बांधलेला माणूस एकाच कागदामागे उभा असतो.

म्हणून मधल्या नावाचा इलाज भाषांतरात नव्हताच, तो आपल्या नगरपालिकेत होता. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा १९६९ च्या कलम १५ खाली निबंधक दुरुस्ती करतात. मूळ नोंद खोडत नाहीत, समासात दुरुस्ती लिहून सही करतात. त्यावरून आम्ही नवा दाखला घेतला.

अजून एक चूक आमच्या हातून होता होता राहिली. मी भाषांतर आधी करायला निघालो होतो. तिथल्या भाषांतरकाराने ताईला थांबवलं: आधी मूळ दाखल्यावर राज्य शासनाचा, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या दूतावासाचा शिक्का घ्या, इकडे आल्यावर इथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि मग माझ्याकडे या. कारण हे शिक्केही भाषांतरात यावे लागतात. आधी केलं असतं तर पुन्हा पैसे भरावे लागले असते.

मौलानांचा कागद वाया गेला असं मात्र मी मानत नाही. तो लिहिताना ते म्हणाले होते, "भाई, उर्दू में 'प' है, अरबी में नहीं. पाटील का बातील होगा." म्हणून मग ताईने मेहुण्यांच्या तिथल्या ओळखपत्रावर आडनाव अरबीत कसं लिहिलंय ते पाहून ठेवलं, आणि भाषांतरकाराला दाखल्यासोबत तेही दाखवलं. त्याने आडनाव तस्संच लिहिलं.